डोक्यावरचा निळा चौकोन

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल असा समज होता की मी लहान मुलांसाठी ससे आणि कासवं काढते. तो मी कधी खोडून काढला नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षी मी करंजाडेतल्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून, एक माणूस दुसऱ्याला लोखंडी पहारीनं कसा हाणतो, हे काढत होते. एक फटका म्हणजे पंधरा-वीस चित्रं. चाळिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या आईनं असं काम करावं यावर सासूबाईंचं मत ठरलेलं होतं. "मारामारीच काढायची तर तीस वर्षं मागे जाऊन आपल्या घरातली काढ की. फुकट बघायला मिळाली असती." सासूबाई विनोदी होत्या, पण फक्त माझ्या बाबतीत.

मी आधी मुंबईत कार्टूनच्या कंपनीत होते. ती बंद पडली, मग मुलांच्या शाळा, मग नवऱ्याची बदली पनवेलला, आणि मग एक दिवस ही नोकरी. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. कंपनी म्हणजे आम्ही पाच जण, खाली टायरचं दुकान, आणि दिवसाआड येणारं पाणी. मालक पुण्याला इंजिनिअर झालेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि कायम घाईत. त्याच्या गेमचा नायक बंदरावरचा हमाल होता. कंटेनर फोडायची पहार घेऊन तो गुंडांच्या टोळीशी एकटा लढतो, एवढीच गोष्ट. गोष्टीची कुणाला पडली नव्हती. सगळं त्या पहारीवर होतं.

पहारीचा फटका जड वाटला पाहिजे, हे काम एकाच माणसाचं होतं. तो उरणकडच्या एका गावातला, आगरी, तिशीच्या अलीकडचा. घरच्या मिठागराची जमीन केव्हाच संपादनात गेलेली. कंप्युटरचा डिप्लोमा करून तो इकडे आला होता. मला ताई म्हणायचा. बाकीचेही ताईच म्हणायचे, पण चहाच्या वेळी आई समजायचे. हा एकटा स्वतःचा कप स्वतः विसळायचा, म्हणून माझं त्याच्यावर लक्ष.

पहिल्यांदा त्यानं मला खेळ दाखवला तेव्हा मी काढलेली पहार गुंडाला लागली आणि मला वाटलं, मोरपीस लागलं.

"चित्रं वाईट आहेत का रे?" मी विचारलं.

"चित्रं बरी हायेत. वजन नाय."

मग त्यानं एक बटण दाबलं आणि माझ्या एवढ्या मेहनतीच्या चित्रांवर रंगीत चौकोन आले. पहारीच्या टोकाशी लाल, गुंडाच्या अंगावर निळे. एक निळा पोटावर, एक पायांवर, एक डोक्यावर. लाल म्हणजे हिटबॉक्स, मारणारी जागा. निळा म्हणजे हर्टबॉक्स, मार खाणारी जागा. लाल चौकोन निळ्याला शिवला की कंप्युटरला कळतं, लागलं. चित्रं फक्त आपल्यासाठी. कंप्युटर चित्रं बघतच नाही.

"म्हणजे मी एवढं रंगवते ते..."

"ते माणसांसाठी ताई. माणसं पण महत्त्वाची हायेत."

हळूहळू मला त्याचा हिशोब कळत गेला. खेळ एका सेकंदाला साठ फ्रेम दाखवतो, माझं एकेक चित्र त्यातल्या दोन-तीन फ्रेम टिकतं. फटक्याचे तीन भाग. पहार उचलून मागे नेईपर्यंत लाल चौकोन नसतोच. मग तीन-चार फ्रेम तो असतो, तेवढ्यात काय लागेल ते लागेल. आणि मग पहार जमिनीकडे गेली, नायक सावरतोय, तेव्हा पुन्हा नाही. हलका फटका असेल तर उचलायला सहा फ्रेम पुरतात. जड असेल तर वीस द्याव्या लागतात, आणि सावरायला त्याहून जास्त. मी घरी बाथरूममध्ये धोपाटणं घेऊन कपड्यांवर करून बघितलं. खरंच, धोपाटणं डोक्याच्या मागे जातं तिथे हात क्षणभर टांगतो. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या शर्टानं काय केलंय?" शर्टाची दोन बटणं गेली, पण उचलण्याची चित्रं सुधारली.

तरी जडपणा आला नव्हता. तो आला एका थांब्यानं. त्याला ते हिट स्टॉप म्हणतात. पहार लागली त्याच फ्रेमला मारणारा आणि मार खाणारा, दोघांनाही जागच्या जागी गोठवायचं. दहा-बारा फ्रेम. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, किंवा त्याहूनही कमी. मारणारा अगदी स्तब्ध. मार खाणारा मात्र त्याच जागी किंचित थरथरतो, एक-दोन ठिपके इकडे, एक-दोन तिकडे. आवाज त्या पहिल्याच फ्रेमला. आणि मग सगळं सुटतं. हे घातल्यावर मी स्वतः बटण दाबलं आणि माझ्या तळहाताला धक्का बसल्यासारखं झालं. तळहातात होता प्लास्टिकचा माउस.

पहिल्या दिवशी एक गंमत झाली. थांब्यात सगळं गोठलं होतं, पण लाल चौकोन चालूच होता. तो दर फ्रेमला निळ्याला शिवत राहिला आणि एकाच फटक्यात गुंडाला बारा फटके बसले. गुंड ठार. आम्ही सगळे हसलो. त्यानं मग दुरुस्ती केली, एका उचलीत एका माणसाला एकदाच लागायचं. मालक म्हणाला, "बघ, तुझ्या गावचा असणार तो, एका फटक्यात माणूस संपवतो." तो पण हसला. "आमच्या गावाला कशाला सर, आमचे भांडण तोंडानंच संपतंय."

त्यानं मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे कित्येक पोरांना शिकवली. वजन मारणाऱ्यात नसतं. मारणाऱ्याला तुम्ही कितीही घाम काढा, डोळे वटारून दाखवा, उपयोग नाही. वजन मार खाणाऱ्यात असतं. तो काय करतो, केव्हा करतो, किती वेळानं सावरतो.

त्या सुमारास बंगळूरच्या एका प्रकाशकाशी बोलणं पक्कं होत आलं होतं. महिन्याअखेर त्यांची माणसं पनवेलला येऊन खेळून बघणार होती. फटका आवडला तर गेम घेणार, नाहीतर नाही. नाही म्हणाले तर आम्ही पाचही जण घरी, हे मालकानं लपवलं नव्हतं. त्यांना दाखवलेल्या जाहिरातीत एकच दृश्य होतं. पहार वरून खाली, गुंडाच्या डोक्यात. तो फटका त्यांना हवा होता, आणि तो पुरा करणारा माणूस एकच होता.

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाला मारलं.

भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. बंदराबाहेर गाड्यांची रांग लागते, ती कधी कधी दिवसभर हलत नाही. आमचा माणूस मोटरसायकलवर भावाचा डबा घेऊन गेला होता. मधे कुणीतरी गाडी घुसवली, शिव्या झाल्या, भाऊ खाली उतरला. समोरच्यानं टॉमी काढली. टॉमी म्हणजे टायर खोलायची लोखंडी सळई, प्रत्येक ट्रकमध्ये असते. एकच फटका. डबा ह्याच्या हातातच होता.

हे त्यानं मला एकदम सांगितलं नाही. वाशीच्या हॉस्पिटलात भाऊ बेशुद्ध होता, तेव्हा तो चार-पाच दिवस आलाच नाही. आला तेव्हा दाढी वाढलेली, आणि कप विसळायचं विसरलेला. मी त्याचा कप विसळला. मालकानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी बसायचंय का? बस हवं तर." मग स्वतःच पुढे म्हणाला, "पण महिनाअखेर आहे."

"नाय सर. घरी बसून काय करू. हॉस्पिटलात आई हाय, मामा हाय. मी काम करतो."

आणि तो करत होता. पाठ वाकवून, दिवसभर. दोन दिवसांनी मालकानं वरून खाली येणारा फटका खेळून बघितला. पहार गुंडाच्या कपाळातून, नाकातून, हनुवटीतून आरपार गेली आणि पोटावर येऊन लागली. थांबा तिथे आला. डोकं जणू धुराचं होतं.

"हे काय? बग आहे?"

मालकानं चौकोन दाखवायचं बटण दाबलं. पोटावर निळा होता, पायांवर होता. डोक्यावर काही नव्हतं. मालकानं दुसरा गुंड बोलावला, तिसरा. एकाच्याही डोक्यावर नव्हतं.

"कुणी काढलं?"

"मी काढलं."

"का?"

"डोक्यात नको मारायला."

टायरच्या दुकानात खाली हवेचा पंप सुरू होता. मालकानं उठून खिडकी लावली. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणून समजावायचा प्रयत्न केला. "हे बघ, मला कळतं. पण हा गेम आहे रे. लोकांना पहार डोक्यातून जाताना दिसतेय. ते म्हणतील फसवलं. ते आपल्याला दारातून परत पाठवतील."

"मग डोक्यात मारायचा फटका काढून टाका."

"तोच तर विकलाय मी!"

मी मधे पडले. मधे पडणं हा माझा घरचा व्यवसाय. म्हटलं, मी चित्रं बदलते. फटका वरून यायच्याऐवजी तिरका आणते, खांद्यावर बसेल असा, मग डोक्याचा प्रश्नच नाही. मालकानं घड्याळाकडे बघितलं. मी लगेच चित्रं काढायला बसले.

तिरका फटका जमला नाही. बाजूनं बघायचा खेळ, खांदा आणि डोकं एकाच रेषेत येतात. खांद्यावर लागला तरी बघणाऱ्याला डोक्यातच वाटायचं, आणि गुंडाला मी मान वाकवायला लावली तर तो चुकवून पळतोय असं दिसायचं. मग आडवा आणला, बरगड्यांवर. तो बरा झाला. ह्यानं त्याला चौकोन लावले, अकरा फ्रेमचा थांबा दिला, गुंडाला मागे ढकललं. चांगला फटका होता. जड होता. मालकानं दहा वेळा मारून बघितला आणि म्हणाला, "छान आहे मॅडम. हा पण ठेवू." 'पण' म्हणाला तेव्हा ह्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी खुर्ची घेऊन आला. डबा आणलाच नव्हता त्यानं, माझ्या पोळ्यांतली एक खाल्ली होती.

"ताई, वरून येणारा दाखवा. मार खाणाऱ्याचं."

मी दाखवलं. गुंड दोन्ही हात वर फेकतो, तोंड उघडतो, मागे कोसळतो. आम्हाला कार्टूनमध्ये असंच शिकवलेलं, मोठं करा, लांबून दिसलं पाहिजे.

"असं नाय होत."

मी पेन खाली ठेवलं.

"तो ओरडत नाय. तोंड बंदच राहतंय. हात वर नाय जात, हात हायेत तिथं राहतात, जसं काय झालंच नाय. मग गुडघे जातात. आधी गुडघे. मग बाकीचा."

"अरे, नको. आपण नको करूया हे."

"काढा ना ताई. तुम्हीच चांगलं काढाल."

मी काढलं. हात खाली. तोंड बंद. डोळे अजून समोर बघतायत, कारण त्यांना अजून कळलेलं नाही. मग एक गुडघा. मग दुसरा. मधे मी दोनदा उठून तोंड धुऊन आले. तो बसून होता, बोटानं एखादी रेष दाखवायचा, एवढंच. संध्याकाळी मला घरी जायला उशीर झाला आणि सासूबाईंनी कधी नव्हे ते काही न विचारता ताट वाढलं. माझा चेहरा तसा असावा.

डोक्यावर त्यानं निळा चौकोन परत ठेवला. स्वतः. डोक्याच्या चित्रापेक्षा थोडा मोठा, म्हणजे खेळणाऱ्याला लागलंच असं वाटावं. आणि मग त्यानं थांबा लावला, तो मी आधी कुठे पाहिला नव्हता. आतापर्यंत दोघं एकदम गोठायचे आणि एकदम सुटायचे. इथे त्यानं मारणाऱ्याला आठ फ्रेम दिल्या. मार खाणाऱ्याला अठरा.

"का रे असं?"

"मारणारा आधी सुटतो, ताई."

भावाला टॉमी मारणारा जामिनावर सुटला होता, हे मला नंतर त्याच्या मामाकडून कळलं.

मी बटण दाबलं. पहार वर गेली, टांगली, खाली आली. आवाज. दोघं थांबले. मग नायक सावरून उभा राहिला, पहार खाली आणली, आणि समोरचा अजून तिथेच होता, हात खाली, थरथरत, तोंड बंद. सेकंदाच्या तेवढ्या तुकड्यात मला वाटलं काहीतरी बिघडलं, कंप्युटर अडकला. मग गुडघे गेले. मी पुन्हा बटण दाबलं नाही.

बंगळूरची दोन माणसं ठरल्याप्रमाणे आली. टायरच्या दुकानातून जिना शोधताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मी त्यांना चहा दिला. म्हणजे मालकानं माझ्याकडे बघितलं आणि माझे पाय आपोआप चहाकडे गेले, हे मी लिहून ठेवते. त्यातला एक जण खेळला. पोटात मारलं, पायावर मारलं, बरगड्यांवर मारलं. मान डोलवत होता. मग वरून खाली मारलं.

त्यानं माउस सोडला. खुर्चीत मागे सरकला. "हे कुणी केलंय?" त्यानं हिंदीत विचारलं. मालकानं हात दाखवला. ते दोघंही उठून ह्याच्याशी हात मिळवायला आले. जड फटके खूप पाहिले म्हणाले, असा नाही पाहिला. अंगावर काटा आला म्हणाले. गेम घेतला असं तिथेच सांगितलं.

मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असेल, मला नोकरी हवी होती.

मग त्या दुसऱ्यानं सांगितलं, की हा फटका प्रत्येक गुंडाला असाच पाहिजे. बाराच्या बारा. आणि शेवटच्या फटक्याला आणखी सावकाश करा, डोकं जवळून दाखवा. हाडाचा आवाज टाका, त्यांच्याकडे चांगले आवाज आहेत, ते पाठवतील.

हा ऐकत उभा होता. "मला नाय जमणार," एवढंच म्हणाला, मराठीत. त्यांना कळलं नाही, त्यांना वाटलं वेळ मागतोय, म्हणून ते म्हणाले, हळूहळू करा, घाई नाही. तो आत गेला, चहाचा कप विसळून पालथा घातला, आणि जिना उतरला.

तो पुन्हा आला नाही. मालकानं फोन केले, तो उचलायचा आणि शांतपणे नाही म्हणायचा. उरलेले अकरा गुंड मी केले. मला वाटलं होतं त्याचे आकडे उचलून चिकटवले की झालं. तसं होत नाही. लुकड्याला अठरा फ्रेमचा थांबा दिला तर तो मेणाचा बाहुला दिसतो. जाड्याला तेवढाच दिला तर जाणवतच नाही, त्याला बावीस लागल्या. बुटक्याच्या डोक्यापर्यंत पहार पोचायला वेळ लागतो, लाल चौकोन त्याआधीच संपतो, म्हणून तो दोन फ्रेम पुढे ढकलावा लागतो. म्हणजे प्रत्येकाचं डोकं, प्रत्येकाचे गुडघे, एकेक फ्रेम करून, शेकडो वेळा. घरी मुलगा सायकलवरून पडला तर मी आधी त्याचे गुडघे बघायला लागले. तो म्हणायचा, "आई, कोपराला लागलंय."

शेवटी मालकानं मलाच पाठवलं. "तुमचं ऐकेल." मी एका रविवारी बसनं गेले. घराच्या ओटीवर भाऊ खुर्चीत बसला होता, केस कापलेले, डोक्याच्या एका बाजूला खोल खळगा. आईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी त्याच्या हाफिसातल्या ना? लय चांगला हाय म्हनं तिथं." 'होता' म्हणायचं माझ्या तोंडी आलं, मी गिळलं.

तो आतून भाताचा वाडगा घेऊन आला. भावासमोर बसला, चमचा त्याच्या बोटांत धरवला, स्वतःची बोटं वरून. भावाला बोलता येत नव्हतं. हाक मारली की तो मान वळवायचा, पण बऱ्याच वेळानं.

"मालक विचारतायत," मी म्हटलं. "डोक्यातलं काम मी केलंय सगळं. तुला नुसतं बाकीचं बघायचं. उड्या, पायऱ्या चढणं."

"लुकड्याला किती ठेवला?"

तो थांब्याचं विचारत होता. "तेरा."

"बारा करा. आवाज थोडा आधी." चमच्यातला भात सांडला, त्यानं हातानं गोळा केला. "आनि ताई, मी नाय येनार. कंटेनर यार्डात गेटवर लागतोय मी. इथून जवळ हाय."

"तू एवढं शिकलास, त्याचं काय..."

"कसं मारायचं ते शिकलो." त्याच्या आईनं आतून काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी त्याच्यासमोर नका बोलू ते. कळतंय त्याला."

जाताना आईनं सुकटीची पिशवी दिली, नाही म्हणता येईना. बसमध्ये सगळे माझ्यापासून लांब बसले.

लुकड्याला मी बारा केला. आवाज थोडा आधी केला. बरोबर होतं त्याचं. गेम आला, बऱ्यापैकी चालला, कंपनी आणखी काही वर्षं तगली. लोकांनी इंटरनेटवर लिहिलं की पहार हातात खरी वाटते, असं मारल्यासारखं आजवर वाटलं नव्हतं. मला आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही, माझीच चित्रं होती. मी त्याला फोन लावून ते वाचून दाखवलं. सगळं नाही, तीन-चार ओळी.

"बरं झालं ताई," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "ठेवू का? त्याची जेवायची वेळ झाली."